अजून नसलेल्या ओळीला कुलूप

एका व्यवहाराने नापा शाखेतल्या तिन्ही खात्यांना कुलूप लावून बेरीज केली. तेवढ्यात दुसऱ्याने तिथेच चौथं खातं उघडलं आणि पुन्हा मोजताच बेरीज बदलली. ही भुताची ओळ! जी ओळ अजून नाहीच, तिला कुलूप लावणार कसं?

१९७६ मध्ये आयबीएमच्या ईश्वरन, ग्रे, लोरी आणि ट्रेगर यांनी ‘शाखा = नापा’ या अटीलाच कुलूप लावायचं सुचवलं. उपाय नेमका, पण दोन अटी एकमेकींत शिरतात का, हे दरवेळी तपासणं फार महाग पडतं. म्हणून कुलूप इंडेक्सला लावतात: नवी नोंद जिथे बसेल ती फटच बंद करायची. इंडेक्समध्ये १०, २०, ३० असताना मायएसक्यूएलच्या इनोडीबीत १५ ते २५ अडवलं, तर निष्पाप २८ लाही थांबावं लागतं.