तलावाचं पाणी कुठून कुठे जातं

मे महिन्यात सोसायटीच्या स्विमिंग पूलभोवती दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पाणी किती वेळा बदलता आणि क्लोरीन किती टाकता? खरं तर नीट चालणाऱ्या तलावाचं पाणी सहसा बदलावं लागत नाही. तेच पाणी दिवसातून अनेकदा बाहेर जातं, गाळलं जातं आणि परत येतं. हा फेरा कसा आहे आणि त्याच्या वाटेवर कुठे व्हॉल्व्ह आहेत, हे समजलं की तलावाचे बहुतेक आजार पंपघरात उभं राहूनच ओळखता येतात.

समजा, तलाव 12 मीटर लांब, 6 मीटर रुंद आणि सरासरी 1.2 मीटर खोल आहे. त्यात साधारण 86 हजार लिटर पाणी मावतं. हे सगळं पाणी सहा तासांत एकदा फिरवायचं, तर पंपाने मिनिटाला 240 लिटर ओढायला हवं. मात्र गाळलेलं पाणी परत त्याच तलावात मिसळत असल्यामुळे एका फेऱ्यात सगळं पाणी गाळून होत नाही. पाणी उत्तम मिसळतंय असं धरलं, तरी पहिल्या सहा तासांत जेमतेम 63 टक्के पाणी फिल्टरमधून जातं. तीन फेऱ्यांनंतर हा आकडा 95 टक्क्यांच्या आसपास पोचतो. वीज वाचवायला पंप दिवसातून चारच तास चालवणाऱ्या सोसायट्यांचा तलाव सुटीनंतर हिरवा का होतो, ते यावरून कळतं.

पाणी तलावातून दोन ठिकाणांहून बाहेर पडतं. पहिलं ठिकाण म्हणजे स्किमर, भिंतीत पाण्याच्या पातळीवर बसवलेली चौकोनी खिडकी. तिच्या तोंडाशी एक तरंगती झडप असते. पंप ओढू लागला की झडप आत कलते आणि पृष्ठभागावरचा पातळ थर, म्हणजे पानं, केस, अंगाचं तेल, सनस्क्रीन, तिच्यावरून घसरून आतल्या टोपलीत जातो. या आकाराच्या तलावाला दोन स्किमर लागतात. पाण्याची पातळी खिडकीच्या मध्यावर हवी. ती खाली गेली की स्किमर पाण्याबरोबर हवाही गिळतो.

दुसरं ठिकाण तळाशी असतं, मेन ड्रेन. नाव ड्रेन असलं, तरी रोजच्या कामात ते तलाव रिकामा करण्यासाठी नसतं. तळाला बसणारा गाळ ओढणं आणि खालचं पाणी फिरतं ठेवणं हे त्याचं काम. एरवी निम्म्याहून बराच जास्त ओढा स्किमरकडे आणि उरलेला मेन ड्रेनकडे ठेवतात, कारण बहुतेक घाण आधी वरच तरंगते.

मेन ड्रेनबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथली चूक जिवावर बेतते. तळाला एकच ड्रेन असेल आणि पोहणाऱ्याचं अंग त्यावर नेमकं बसलं, तर पंपाची सगळी ओढ त्या एका जागी येते. आठ इंच व्यासाचं तोंड आणि वातावरणाच्या दाबाच्या निम्मी ओढ धरली, तरी हे बळ दीडशे किलोंच्या वर जातं. पाण्याखाली अडकलेल्या मुलाला मोठा माणूसही ओढून काढू शकत नाही. अमेरिकेत 2002 साली व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच गेली. त्यानंतर 2007 मध्ये तिथे तिच्याच नावाचा कायदा झाला. सार्वजनिक तलावांना न अडकवणारी झाकणं सक्तीची झाली आणि एकटा ड्रेन असेल, तर आणखी एक सुरक्षाव्यवस्था लागू लागली.

सगळ्यात भरवशाचा उपाय प्लंबिंगमध्येच आहे. निदान तीन फूट अंतरावर दोन ड्रेन घ्यायचे आणि दोन्ही नळ एका टीमध्ये जोडायचे. एक झाकला गेला, तर दुसऱ्यातून पाणी येत राहतं. इथे व्हॉल्व्हची जागा महत्त्वाची ठरते. व्हॉल्व्ह दोन्ही नळ जुळल्यानंतरच हवा, दोघांना वेगवेगळा कधीच नको. वेगळे व्हॉल्व्ह बसवले, की कोणीतरी एक दिवस त्यातला एक बंद करतो आणि तलाव पुन्हा एकड्रेनी होतो. स्किमरचं नेमकं उलट आहे. तिथे प्रत्येक लाइनला स्वतंत्र व्हॉल्व्ह लागतो, कारण एक बंद ठेवून दुसऱ्याची तपासणी करावी लागते.

या सगळ्या लाइन पुढे एका जाड नळात मिळतात. तिथून पाणी केस-कचरा अडवणाऱ्या गाळणीत, गाळणीतून पंपात, पंपातून फिल्टरच्या डोक्यावरच्या मल्टिपोर्ट व्हॉल्व्हमध्ये जातं. मग वाळूतून खाली उतरून परतीच्या नळाने तलावाच्या भिंतीतल्या तोंडांकडे वळतं. क्लोरीन सोडायचं यंत्र सगळ्यात शेवटी, फिल्टरच्याही पुढे बसवतात, म्हणजे तीव्र क्लोरीन पंपाच्या आणि इतर यंत्रांच्या अंगावर येत नाही. पंपाच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असावेत. पंपघर तलावाच्या पातळीखाली असेल, तर ते बंद न करता गाळणीचं झाकण उघडणाऱ्याच्या पंपघरात तलाव शिरतो.

चालू करताना आधी ओढीकडचे आणि परतीचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का ते पाहावं, मगच बटण दाबावं. परतीची वाट बंद असताना पंप सुरू केला, तर फिल्टरच्या टाकीवर नको तेवढा दाब येतो. मल्टिपोर्टचा दांडा तर पंप चालू असताना कधीच फिरवू नये, आतला रबरी गॅस्केट फाटतो. स्वच्छ फिल्टरचा दाब मीटरखाली लिहून ठेवावा. तो सुमारे अर्धा बारने वाढला की पंप बंद करून दांडा बॅकवॉशवर घ्यायचा, काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत दोन-तीन मिनिटं चालवायचं, पुन्हा बंद करून रिन्सवर अर्धा मिनिट चालवायचं, मग परत बंद करून फिल्टरवर यायचं. रिन्स टाळला, तर वाळूत सुटलेली माती तलावात जाते.

आता एक बिघाड पाहू. पंप तलावाच्या पातळीपेक्षा थोडा वर बसवलेला आहे. सकाळी परतीच्या तोंडांतून बुडबुडे येतायत, स्वच्छ फिल्टरवर 0.8 दाखवणारा दाब 0.4 वर आलाय, काटा थरथरतोय आणि पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येतोय. याचा अर्थ पंपाला पाणी कमी पडतंय आणि हवा शिरतेय, तीही पंपाच्या अलीकडच्या भागात. पुढच्या भागात गळती असती, तर पाणी बाहेर सांडलं असतं.

आधी तलावातून सगळ्यांना बाहेर काढायचं. पाण्याची पातळी बघायची. ती ठीक असेल, तर टोपल्या आणि झडपा तपासायच्या. अडकलेली झडप किंवा पानांनी भरलेली टोपलीही एवढा गोंधळ करते. तेही ठीक असेल, तर पहिल्या स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करून दोन मिनिटं थांबायचं. बुडबुडे तसेच असतील, तर तो उघडून दुसऱ्याचा बंद करायचा. एक बंद केल्यावर बुडबुडे थांबले, तर दोष त्याच लाइनमध्ये आहे, मग त्या स्किमरपासून जोडापर्यंत शोधायचं. कुठलाही बंद करून फरक पडला नाही, तर संशय सगळ्या लाइन जुळतात त्यापुढच्या भागावर, बहुधा गाळणीच्या झाकणाच्या रबरी रिंगवर. पंप चालू असताना झाकणाच्या कडेने साबणाचा फेस लावायचा. फेस जिथे आत ओढला जातो, तिथे रिंग चिरलेली किंवा वाळूच्या कणावर बसलेली असते. पंप बंद करून रिंग काढायची, पुसायची, चिरली असेल तर बदलायची, नसेल तर सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवायची.