शितावरून भाताची परीक्षा : कांद्याच्या मुळातल्या पेशी किती मोजाव्यात?

कांद्याचा बुडखा पाण्याला टेकेल असा पेल्यावर ठेवला, की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे फुटतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत या मुळांना मान आहे. त्यांच्या टोकाशी पेशी सतत विभागत असतात, आणि कांद्याच्या पेशीत अवघी १६ गुणसूत्रे असून तीही ठसठशीत असल्याने साध्या सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. अल्बर्ट लेव्हान या स्वीडिश संशोधकाने १९३८ साली कॉल्चिसिनचा परिणाम याच मुळांवर तपासला. पुढे नदीचे पाणी, कारखान्याचे सांडपाणी, कीटकनाशके यांची चाचणीही कांद्याच्या मुळांवर होऊ लागली. या चाचण्यांत वारंवार भेटणारा आकडा म्हणजे विभाजन निर्देशांक.

त्याची व्याख्या सोपी आहे. मोजलेल्या एकूण पेशींपैकी किती पेशी विभाजनाच्या कोणत्या ना कोणत्या अवस्थेत सापडल्या, याचे शेकडा प्रमाण. हजार पेशींत ८० विभागताना दिसल्या, तर निर्देशांक ८. पण या ८ वर विश्वास किती ठेवायचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

आधी पेशी दिसतात कशा ते पाहू. दोन-तीन सेंटिमीटर वाढलेली मुळे कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्ल यांच्या मिश्रणात रात्रभर ठेवतात. पेशी ज्या क्षणी ज्या अवस्थेत होत्या, त्याच अवस्थेत थिजतात. मग ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात काही मिनिटे ठेवल्यावर पेशींना एकमेकींशी चिकटवणारा थर सैल होतो. अ‍ॅसिटोकार्मिनसारख्या रंगाने गुणसूत्रे लाल होतात. टोकाचा जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा तुकडा काचपट्टीवर घेऊन त्यावर पातळ काच ठेवायची, काडीच्या बोथट टोकाने हलके ठोकायचे, आणि टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचे. काच आडवी सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात आणि मोजणी तिथेच संपते.

तुकडा किती लांब कापला, यानेही निर्देशांक बदलतो. टोकाच्या मागे पेशी विभागायचे थांबवून नुसत्या लांब होतात. तो भाग काचेखाली आला, की भाजक फुगतो आणि निर्देशांक घसरतो. काचेखाली अरुंद, लांबट पेशींची गर्दी दिसली, तर तुकडा लांब कापला गेला असे समजावे.

आता संख्येकडे येऊ. समजा मुळाच्या टोकाचा खरा निर्देशांक ८ आहे. शंभरच पेशी मोजल्या, तर केवळ योगायोगाने उत्तर ३ येईल किंवा १३ येईल. नाणे दहा वेळा उडवून दर वेळी पाचच छापे पडत नाहीत, तसेच हे. हा डळमळीतपणा मोजता येतो. प्रमाणाला उरलेल्या प्रमाणाने गुणायचे, पेशींच्या संख्येने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. इथे ०.०८ गुणिले ०.९२, भागिले १००. वर्गमूळ येते सुमारे ०.०२७, म्हणजे शेकडा २.७. याच्या दुपटीइतकी दोन्ही बाजूंना मोकळीक धरतात. हजार पेशी मोजल्या, तर मोकळीक सुमारे १.७ वर येते. चार हजार मोजल्या, तर ०.९ च्या आसपास. श्रम चौपट केले तेव्हा चूक निम्मी झाली. हजार पेशी मोजण्याचा प्रघात आहे, त्यामागचा व्यवहार हाच: त्यापुढे कष्ट वाढतात, पण नेमकेपणा त्या मानाने वाढत नाही.

मात्र या हिशेबात एक गृहीत दडले आहे. ते ओळखायला आपली म्हण पुरेशी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला भात सारखा शिजलेला असतो. पाच चुलींवर पाच पातेली असतील, तर एका पातेल्यातली हजार शिते चेपूनही उरलेल्या चारांबद्दल काही कळत नाही. कांद्याचे प्रत्येक मूळ हे असे स्वतंत्र पातेले आहे.

उदाहरणादाखल, पाच वेगवेगळ्या कांद्यांचे एकेक मूळ घेऊन प्रत्येकी २०० पेशी मोजल्या, आणि विभागणाऱ्या पेशी अनुक्रमे ९, २४, १४, २२ व ११ सापडल्या असे धरू. बेरीज ८०, एकूण पेशी हजार, निर्देशांक ८. वरच्या सूत्राप्रमाणे मोकळीक १.७, म्हणजे खरे उत्तर ६.३ ते ९.७ च्या दरम्यान. पण मुळांचे निर्देशांक वेगवेगळे मांडून पाहा: ४.५, १२, ७, ११, ५.५. निव्वळ योगायोग असता, तर दोनशे पेशींच्या मोजण्यांत सरासरीपासूनचे विचलन १.९ च्या आसपास राहिले असते. इथे ते ३.३ आहे. म्हणजे मुळे खरोखरच एकमेकांपासून वेगळी आहेत. मुळांनाच एकक मानून हिशेब केला, तर पाचच मुळे असल्याने मोकळीक ४.१ होते आणि उत्तर ३.९ ते १२.१ इतके पसरते. आकडा तोच ८, पण त्याची ग्वाही पार ढिली झाली.

आता उपाय काय? त्याच पाच मुळांत दोनशेऐवजी हजार-हजार पेशी मोजल्या, तर डोळे दुखेपर्यंत काम करून मोकळीक ४.१ वरून साधारण ३.५ वर येईल. उलट दहा कांद्यांच्या दहा मुळांत प्रत्येकी शंभरच पेशी मोजल्या, म्हणजे एकूण हजारच, तर ती २.७ च्या आसपास येईल. पेशी तेवढ्याच, मुळे दुप्पट, आणि उत्तर अधिक पक्के. एकाच कांद्याची दहा मुळे घेणे मात्र पुरेसे नाही. एका कांद्यावरची मुळे भावंडांसारखी असतात.

‘किती’ हे कशासाठी मोजतो आहोत यावरही ठरते. सांडपाण्याने निर्देशांक ८ वरून ४ वर आणला असेल, तर मुळांमधला फरक बाजूला ठेवूनही प्रत्येक गटात साडेपाचशे पेशी लागतात. तोच ८ वरून ६ वर आला असेल, तर अडीच हजारांहून अधिक.

एक चूक मात्र संख्येने भरून निघत नाही. गुणसूत्रांची सुंदर मांडणी दिसली, की नजर तिथेच रेंगाळते आणि निर्देशांक फुगतो. म्हणून काचपट्टी एका टोकापासून ठरलेल्या ओळींत सरकवावी आणि केंद्रक दिसणारी प्रत्येक पेशी मोजावी. पूर्वावस्था कुठून धरायची, हे आधी लिहून ठेवावे: धागे सुटे दिसले तरच, नुसते केंद्रक गडद दिसले तर नाही. आणि कोणती पट्टी सांडपाण्याची, हे मोजणाऱ्याला कळू देऊ नये.

शेवटी आकड्याच्या अर्थाबद्दल. निर्देशांक वाढला म्हणजे वाढ जोमात आहे, असे नाही. कॉल्चिसिन गुणसूत्रांना ओढणारे तंतू बनू देत नाही; पेशी विभाजनात शिरतात आणि मध्यावस्थेतच अडकून पडतात. नाका बंद झाला, की रस्त्यावर गाड्या जास्त दिसतात, तसेच हे. म्हणून एकूण आकड्याखाली चारही अवस्थांची संख्या वेगवेगळी द्यावी, आणि मोजलेल्या पेशींच्या आधी मुळांची व कांद्यांची संख्या लिहावी. वाचणाऱ्याने अहवालात पहिल्यांदा पाहावे तेही तेच: हजार शिते खरी, पण पातेली किती?