ठरलेले काम, ठरलेला दर

ज्या कामाच्या पायऱ्या दर वेळी त्याच असतात, ते काम व्याप्ती, किंमत आणि तारीख आधीच बांधून विकता येते. मराठी पुस्तकाची अक्षरजुळणी हे त्याचे चांगले उदाहरण. डीटीपीचा दर बहुधा पानावर ठरतो, पण वेळ खर्च होतो दुरुस्त्यांमध्ये. लेखक चौथ्या प्रुफावरही परिच्छेद बदलतो आणि त्या तासांचे पैसे कोणीच देत नाही.

सुरुवात मोजणीपासून होते. मागच्या आठ-दहा पुस्तकांना लागलेले तास लिहून काढावेत. समजा, साध्या कथासंग्रहाला मजकूर साफ करण्यासाठी ३, पाने लावण्यासाठी ६, दोन प्रुफांच्या दुरुस्त्यांसाठी ६ आणि फोन-निरोपांसाठी ३ असे १८ तास लागतात. तासाला ३५० रुपये धरले तर ६,३०० रुपये होतात. एखादे काम लांबतेच, म्हणून त्यात सुमारे पंधरा टक्के मिळवून ७,२५० रुपये हा एकच दर सांगता येतो.

हा दर टिकतो तो व्याप्तीमुळे. २५,००० शब्दांपर्यंतचा मजकूर, डेमी आकार, दोन प्रुफे आणि छपाईसाठी तयार पीडीएफ एवढेच त्यात येते. असे पुस्तक साधारण ९६ पानांत, म्हणजे सोळा पानांच्या सहा फर्म्यांत बसते. मुखपृष्ठ, चित्रे, तळटीपा आणि पहिल्या प्रुफानंतर घातलेला नवा मजकूर यात येत नाही. त्यांचे दर वेगळे, पण तेही आधीच लिहून दिलेले असतात.

पुढचा क्रम तारखांनी बांधलेला असतो. मजकूर युनिकोडमध्ये आहे का, हे पैसे घेण्याआधी तपासले जाते. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते. त्यामुळे रूपांतरात ती कधी कधी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. असा मजकूर साफ करण्याचे काम वेगळे धरावे लागते. निम्मी रक्कम मिळाली की तिसऱ्या दिवशी आठ नमुना पाने जातात. टाइपाचा आकार आणि समास यांना लेखकाची लेखी संमती मिळाल्यावरच उरलेली पाने लागतात. आठव्या दिवशी पहिले प्रूफ जाते. दुरुस्त्या एकाच व्यक्तीकडून, एकाच प्रतीवर आणि सात दिवसांत याव्या लागतात. अंतिम पीडीएफ उरलेली रक्कम मिळाल्यावर दिली जाते.

कोशाला किंवा गणिताच्या पुस्तकाला हा साचा चालत नाही. दर तीन कामांत एकाला सवलत किंवा अपवाद करावा लागत असेल, तर व्याप्ती चुकलेली असते. एका पुस्तकाला बारा आणि तशाच दुसऱ्याला तीस तास लागत असतील, तर ते काम अजून एका किमतीत बांधण्याजोगे झालेले नसते.