चिठ्ठी सापडल्यानंतर लिहायचं पत्र

परीक्षेच्या हॉलमध्ये एखाद्या मुलाकडे चुकून राहिलेली टिपणं सापडली, की घरी गेल्यावर पहिला विचार येतो तो पेपर तपासणाऱ्या परीक्षकांना पत्र लिहून माफी मागण्याचा. पण विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिका कोणाची आहे हे परीक्षकाला कळू न देण्याची व्यवस्था असते. उत्तरपत्रिकेतच विनंती लिहिली किंवा ओळख उघड केली, तर तोही गैरप्रकार ठरतो. म्हणून हे पत्र केंद्रप्रमुखांना द्यायचं, आणि पुढे नोटीस आली की गैरप्रकार चौकशी समितीला.

चिठ्ठी सापडली की पर्यवेक्षक ती आणि उत्तरपत्रिका ताब्यात घेतात. वरिष्ठ पर्यवेक्षकांसमोर चिठ्ठीवर सह्या होतात आणि विद्यार्थ्याचा जबाब लिहून घेतला जातो. निर्णय मान्य असेल असं हमीपत्र घेऊन सहसा नवी उत्तरपत्रिका दिली जाते आणि पेपर पुढे लिहू देतात. समितीपुढे हे सगळे कागद असतात. पत्रातलं एखादं वाक्य जबाबाशी जुळलं नाही, तर उरलेल्या पत्रावरचाही विश्वास उडतो. हॉलमध्ये घाबरून ‘चिठ्ठी माझी नाही’ असं लिहिलं गेलं असेल, तर पत्रात ते आधी दुरुस्त करावं.

नियम काय म्हणतो तेही समजून घ्यायला हवं. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ५०५० मध्ये नकलेचं साहित्य जवळ असणं आणि त्यातून प्रत्यक्ष उतरवणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्यात त्या परीक्षेतली संपूर्ण कामगिरी रद्द होऊ शकते. दुसऱ्यात त्याशिवाय पुढच्या एका परीक्षेलाही बसता येत नाही. म्हणजे ‘मी पाहिलं नाही’ एवढ्याने विद्यार्थी सुटत नाही, पण प्रकरण पहिल्या प्रकारातलं आहे हे त्यातून दाखवता येतं. पत्राचा खरा उपयोग इथेच आहे.

समजा, बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षातल्या एका मुलीच्या कॅल्क्युलेटरच्या झाकणात सूत्रांची चिठ्ठी सापडली. तिचं पत्र असं असू शकेल:

‘महोदय, आजच्या कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरला सकाळी ११.४० वाजता माझ्या कॅल्क्युलेटरच्या झाकणात पर्यवेक्षकांना एक चिठ्ठी सापडली. ती माझ्याच अक्षरातली आहे. काल रात्री उजळणीसाठी मी मार्जिनल कॉस्टिंगची सूत्रं तिच्यावर लिहिली होती. पेपरपूर्वी सर्व साहित्य तपासण्याची सूचना झाली होती. मी कंपास तपासला, झाकण उघडून पाहिलं नाही. ही चूक माझी आहे आणि तिच्याबद्दल मी माफी मागते. चिठ्ठी सापडेपर्यंत मी फक्त प्रोसेस कॉस्टिंगचा पहिला प्रश्न सोडवला होता. त्या उत्तरात चिठ्ठीतलं एकही सूत्र नाही. जप्त केलेली उत्तरपत्रिका आणि चिठ्ठी ताडून पाहावी, ही विनंती. चौकशीला मी हजर राहीन. आपली विश्वासू,’ आणि खाली नाव, बैठक क्रमांक, सही.

या पत्रात वजन आहे ते शेवटच्या विनंतीला. चिठ्ठीत मार्जिनल कॉस्टिंग आहे आणि उत्तरात प्रोसेस कॉस्टिंग, हे समितीला दोन कागद शेजारी ठेवून पडताळता येतं. वडिलांचं आजारपण, फीचं कर्ज, आजवरचे चांगले मार्क खरे असले तरी त्यांतून चिठ्ठी वापरली की नाही हे कळत नाही. ‘पर्यवेक्षकांनी नीट तपासलं नाही’ हे वाक्य तर उलटतं, कारण साहित्य तपासण्याची जबाबदारी विद्यार्थ्याचीच असते.

मात्र चिठ्ठीतलाच प्रश्न अर्धा लिहून झालेला असेल, तर हे पत्र जसंच्या तसं उतरवून चालणार नाही. तेव्हा तो प्रश्न लिहिल्याचं कबूल करावं आणि उत्तरातल्या पायऱ्या, खाडाखोड, चिठ्ठीत नसलेली आकडेमोड दाखवावी. शब्दन् शब्द जुळत असेल, तर चुकून राहिल्याचा दावा टिकत नाही.

समितीची कारणे दाखवा नोटीस आली की मुदतीत लेखी उत्तर द्यावं. आपल्याविरुद्धचे कागद पाहायला मागावेत, दिलेल्या पत्राची पोच जपून ठेवावी आणि सुनावणीत पत्राबाहेरची नवी कहाणी सांगू नये. एवढं करूनही कामगिरी रद्द होऊ शकते, ही तयारी ठेवावी.

पेपर सुरू झाल्यावर चिठ्ठी स्वतःलाच दिसली, तर ती लपवायला किंवा फाडायला जाऊ नका. हात वर करा, पर्यवेक्षकांना बोलवा आणि ती त्यांच्या हाती देऊन वेळेची नोंद करायला सांगा. सापडल्यानंतर लिहिलेल्या कोणत्याही पत्रापेक्षा त्या नोंदीचा आधार मोठा असतो.