टाइमलाइन बंद केली, तरी नोंदी कुठे उरतात?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, गेन्सव्हिल शहरात एक तरुण रोज सायकल चालवायचा आणि किती अंतर कापलं ते फोनमधल्या व्यायामाच्या अॅपवर मोजायचा. जानेवारी 2020 मध्ये त्याला गूगलची ईमेल आली: पोलिसांनी तुमच्या खात्याची माहिती मागितली आहे, सात दिवसांत कोर्टातून ती रोखली नाहीत तर आम्ही ती देऊ. त्याच्या वाटेवरच्या एका वृद्धेच्या घरी मार्च 2019 मध्ये चोरी झाली होती. चोरीच्या दिवशी तो तासाभरात तीन वेळा त्या घरावरून गेला होता आणि त्याच्या फोनमधली ही नोंद गूगलकडे साठली होती. वकील करावा लागला, आईवडिलांना हजारो डॉलर मोजावे लागले. शेवटी पोलिसांनी मागणी मागे घेतली. त्या माणसाने फक्त सायकल चालवली होती.

तेव्हा अशा नोंदी गूगलच्या सर्व्हरवर असत. अमुक वेळी अमुक परिसरात कोणकोणते फोन होते, असं पोलीस विचारू शकत आणि कंपनीला ते शोधून देता येई. डिसेंबर 2023 मध्ये गूगलने टाइमलाइन खात्यातून काढून फोनमध्येच ठेवण्याचं जाहीर केलं. बदल चांगला आहे, पण त्यामुळे एकाच माणसाच्या हालचालींच्या नोंदी आता वेगवेगळ्या जागी असू शकतात. एक जागा साफ केली की दुसरी आपोआप साफ होत नाही, आणि लोक फसतात ते इथेच.

सुरुवात फोनपासून करावी. गूगल मॅप्स उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर टिचकी मारली की Your Timeline दिसतं. तिथल्या तीन टिंबांमधून Location and privacy settings मध्ये गेलं की टाइमलाइन चालू आहे की बंद ते कळतं. बंद करताना नुसतं Turn off निवडलं तर पुढची नोंद थांबते, मागचं सगळं मात्र जागच्या जागी राहतं. ते पुसायचं असेल तर पुसण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो. सगळं एकदम पुसता येतं किंवा ठरावीक तारखांपुरतं. काही ठेवायचं असेल, तर अँड्रॉइड फोनच्या लोकेशन सेटिंगमध्ये टाइमलाइन फाइल म्हणून काढून घेता येते. ते आधीच करावं, कारण पुसलेलं परत येत नाही.

मग टाइमलाइनच्या पडद्यावरचं ढगाचं चिन्ह पाहावं. तिथे बॅकअप असतो. तो चालू असेल तर फोनमधल्या नोंदींची कुलूपबंद प्रत गूगलकडे असते आणि तीही तिथूनच हटवावी लागते. घरात त्याच खात्याने उघडलेला जुना फोन किंवा टॅब्लेट असेल, तर तोही हातात घेऊन तपासावा. त्याची टाइमलाइन त्याच्याजवळ असते.

तिसरी जागा सर्वांत दुर्लक्षित. ऑगस्ट 2018 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिलं, की लोकेशन हिस्ट्री बंद केल्यावरही गूगल ठिकाणं नोंदवत होतं. मॅप्स नुसतं उघडलं किंवा चॉकलेट चिप कुकीजसारखं ठिकाणाशी संबंध नसलेलं काही शोधलं, तरी अक्षांश-रेखांश खात्यात जमा होत. Web & App Activity नावाचं वेगळं सेटिंग चालू असल्यामुळे हे घडत होतं. पुढे नोव्हेंबर 2022 मध्ये गूगलने अमेरिकेतल्या 40 राज्यांशी 39.15 कोटी डॉलरची तडजोड केली. लोकांना बटण बंद करण्याची सोय दिली होती, पण त्या बटणाने काय बंद होत नाही हे नीट सांगितलं नव्हतं. हा दोष गंभीर होता.

हे सेटिंग गूगल खात्याच्या Data & privacy भागात असतं. आता त्यात नेमकी जागा न ठेवता किमान तीन चौरस किलोमीटरचा ढोबळ परिसर ठेवतो, असं गूगल सांगतं. पण कोणता दवाखाना शोधला, कुठला रस्ता विचारला, हे तिथे राहतंच. खात्री करायची तर myactivity.google.com उघडावं आणि कालच्या एखाद्या शोधाच्या Details वर जावं. जागेची नोंद असेल तर तिथे दिसते. हे सेटिंग बंद केलं तर गूगलच्या सूचना कमी नेमक्या होतात. ज्यांना ते नको असेल, त्यांनी निदान Auto-delete मध्ये तीन महिन्यांची मुदत निवडावी.

एवढं केल्यावरही फोनचं लोकेशन चालूच असतं, त्यामुळे रस्ता दाखवणं किंवा टॅक्सी बोलावणं अडत नाही. त्याचबरोबर इतर अॅप्सना दिलेल्या परवानग्याही तशाच राहतात. त्या सायकलवाल्याच्या बाबतीत हालचाल टिपली जात होती ती व्यायामाचं अॅप वापरताना. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनच्या परवानग्यांची यादी काढून, ज्या अॅपसमोर कायमची परवानगी आहे तिथे 'वापरताना फक्त' असं करावं.