गोळी आधी की दूध आधी?

दमा उसळला म्हणून चार महिन्यांच्या बाळाच्या आईला डॉक्टर पाच दिवस रोज सकाळी ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन लिहून देतात. घरी आल्यावर मोठी माणसं म्हणतात, पाच दिवस बाळाला वरचं दूध द्या. आईच्या मनात येतं, त्यापेक्षा मीच गोळ्या घेत नाही. यातलं काहीच करायची गरज नसते. दमा अंगावर काढणं तर फारच धोक्याचं. गोळीची वेळ नीट निवडली, तर बाळाला जाणारा मुळातच थोडा असलेला अंश आणखी कमी होतो.

औषध पोटातून रक्तात येतं आणि रक्तातून थोडंसं दुधात झिरपतं. रक्तातलं प्रमाण वाढलं की बहुतेक औषधांचं दुधातलंही वाढतं. रक्तातलं उतरू लागलं की दुधातलं औषध उलट रक्तात परत जातं. दूध म्हणजे झाकण लावून ठेवलेलं भांडं नव्हे. वाट दोन्हीकडून उघडी असते. म्हणून गोळी घेतल्यावर दूध पिळून फेकून दिल्यानं औषध लवकर निघून जात नाही, त्यासाठी वेळच जावा लागतो. बाळ पीत नसेल तेव्हा दूध काढायचं ते छाती दाटू नये आणि दूध आटू नये म्हणून.

आता आपल्या आईचा दिवस पाहू. बाळ सकाळी साडेसातला पितं. ते पिऊन झालं की आईनं लगेच नाश्ता करून गोळी घ्यावी. प्रेडनिसोलोनचं दुधातलं प्रमाण साधारण एक-दोन तासांत सर्वांत जास्त असतं आणि मग झपाट्यानं उतरतं. पुढचं पाजणं साडेअकराच्या सुमारास आलं, तर तो चढाचा काळ मधल्या वेळात सरलेला असतो. बाळ दहालाच भुकेनं रडलं तर? सरळ पाजावं. वजनाच्या हिशेबानं बाळाला मिळणारा अंश आईच्या मात्रेच्या एक-दोन टक्क्यांच्या आसपास असतो, आणि दहा टक्क्यांच्या आतलं प्रमाण डॉक्टर सर्वसाधारणपणे चालण्याजोगं मानतात. चार तासांचं अंतर खरं उपयोगी पडतं ते याहून मोठ्या मात्रांना. दम्याचा पंप मात्र केव्हाही ओढावा. त्यातलं औषध रक्तात फारच कमी पोहोचतं.

हे गणित जुळतं, कारण औषध लवकर चढून लवकर उतरणारं आहे आणि बाळ दोन पाजण्यांमध्ये तीन-चार तास थांबू शकतं. नवजात बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं, तिथे मोकळा वेळच सापडत नाही. डायझेपाम किंवा फ्लुओक्सेटीन यांसारखी औषधं शरीरात दिवसचे दिवस रेंगाळतात, त्यामुळे सकाळी घ्या की रात्री, फारसा फरक पडत नाही. पाकिटावर ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेल्या, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. अशा वेळी घड्याळाकडे न पाहता डॉक्टरांना दुसरं औषध चालेल का ते विचारावं. नैराश्यासाठी, उदाहरणार्थ, सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं. पण चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नये.

सर्वांत जपायचं ते कोडीन आणि ट्रॅमाडॉलला. कोडीन काही खोकल्याच्या औषधांत असतं, ट्रॅमाडॉल वेदनाशामक गोळ्यांत, बरेचदा पॅरासिटामॉलच्या जोडीनं. काही बायकांचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार वेगानं करतं, आणि आपलं शरीर तसं आहे हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेनं २०१७ मध्ये स्तनपान करणाऱ्या मातांनी ही दोन्ही औषधं घेऊ नयेत असं स्पष्ट सांगितलं. इथे वेळा सांभाळणं हा उपाय नाही. अशी गोळी घेतली गेली असेल आणि बाळ पाजायला उठवूनही उठत नसेल, ओढून पीत नसेल, अंग सैल सोडत असेल किंवा श्वास मंद वाटत असेल, तर तडक दवाखाना गाठावा. दाढ काढल्यावर किंवा टाके दुखत असताना साधं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन बहुतेकींना पुरतं. आयबुप्रोफेन तर दुधात नाममात्रच उतरतं.

स्तनपान खरोखर थांबवावं लागतं अशी औषधंही आहेत: कॅन्सरवरची बहुतेक औषधं, थायरॉइडसाठी दिलं जाणारं किरणोत्सारी आयोडीन. पण ती मोजकी. सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन बाळाला फारसं बाधत नाही, दूध मात्र कमी करू शकतं.

चिठ्ठी लिहिली जात असतानाच बाळाचं वय, ते दिवस भरण्याआधी जन्मलं होतं का, आणि रात्री सलग किती तास झोपतं, हे डॉक्टरांना सांगावं. दिवसातून एकदाच घ्यायचं, लवकर उतरणारं औषध असेल, तर रात्रीचं शेवटचं पाजून झाल्याबरोबर, बाळाच्या त्या लांब झोपेच्या आधी घ्यायला ते सांगू शकतात.