नजराणा, गिरह आणि कॅमेऱ्याची जागा

आपल्याकडे कव्वाली म्हटली की जयंतीचा मंच आठवतो. वामनदादा कर्डकांची गाणी आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज ज्या वस्त्यांतून घुमला, त्या वस्त्यांना पेटी, ढोलक आणि टाळीचा ठेका नवा नाही. तिथे गायक लोकांकडे तोंड करून बसतो आणि दाद घेतो. हीच ओळख मनात धरून कोणी दिल्लीत हजरत निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यात जुमेरातीच्या, म्हणजे गुरुवारच्या संध्याकाळी गेला, तर वाद्ये त्याला ओळखीची वाटतील, पण बैठक चक्रावून टाकील. कव्वाल मजारीकडे तोंड करून गातात. श्रोते त्यांच्या बाजूंना आणि मागे बसतात. गायक आणि मजार यांच्यामधली पट्टी शक्यतो मोकळी राहते.

मी काही तरुण मित्रांबरोबर या बैठकीचे चित्रण केले, ते ज्यांनी दर्गा कधी पाहिलेला नाही अशा प्रेक्षकांसाठी. तेव्हापासून माझे मत असे झाले आहे की कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्न तांत्रिक होण्याआधी सामाजिक आहे. चांगले चित्र मिळावे म्हणून हौशी माणूस नेमका त्या मोकळ्या पट्टीत, मजारीकडे पाठ करून उभा राहतो. त्याला कव्वालांचे चेहरे समोरून मिळतात. परंतु ज्याला उद्देशून गाणे चालले आहे तोच चित्रातून नाहीसा होतो आणि पडद्यावर उरतो एक मंच. आम्ही कव्वालांच्या डाव्या हाताला, श्रोत्यांच्या ओळीत जमिनीवर बसलो आणि कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला. तिथून गायकाचा अर्धा चेहरा, टाळी देणारे हात आणि पलीकडे मजारीचा दरवाजा एकाच चौकटीत येतात. डोके झाकलेले आणि पाय अनवाणी, हे वेगळे सांगायला नको.

दिवे नेऊ नयेत. अंगणातल्या नळीच्या दिव्यांनी चित्र लुकलुकते, तेव्हा सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने ते बहुधा थांबते. आवाजाची अडचण वेगळी आहे. कव्वाली हळू सुरू होऊन चढत जाते आणि टाळीचा आघात ढोलकापेक्षाही तीक्ष्ण असतो. सुरुवातीच्या आलापावर पातळी बेतली तर दहा मिनिटांनी ध्वनिमुद्रण फाटते. म्हणून आरंभी आवाज कमी वाटला तरी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवावा आणि वरची जागा राखावी.

खरी कसोटी पुढे, संकलनाच्या टेबलावर लागते. आम्ही घेतलेल्या एका रचनेची लांबी सुमारे चौदा मिनिटे होती. पैकी जवळजवळ तीन मिनिटे मुख्य गायक एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणत होता. आमच्यातल्या एकाने ती तीन मिनिटे वीस सेकंदांवर आणली, कारण प्रेक्षक कंटाळेल. पण ती ओळ घोळवली जात होती तिला कारण होते. समोरच्या एका वृद्ध श्रोत्याला त्या ओळीवर हाल आला होता, म्हणजे तो भावावेशात गेला होता. अशा वेळी ती ओळ सोडायची नाही, तो माणूस भानावर येईपर्यंत म्हणत राहायचे, ही कव्वालाची जबाबदारी मानली जाते. ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी हे १२३५ साली एका फारसी शेरावर अशाच अवस्थेत गेले आणि त्यातच त्यांचा अंत झाला, अशी परंपरेची आठवण आहे. तेव्हा ती तीन मिनिटे हाच त्या चित्रफितीचा गाभा होता. आम्ही ती पूर्ण ठेवली. मात्र त्या वृद्धाच्या चेहऱ्याचे जवळचे चित्र घेतले नव्हते आणि घ्यायचेही नव्हते. गायकाचे डोळे त्याच्यावर खिळलेले दिसत होते, तेवढे पुरेसे होते.

शब्दांचे भाषांतर देताना दुसरा घोळ होतो. कव्वाल मूळ रचना सरळ गात जात नाही. मध्येच दुसऱ्या कवीचा, कधी दुसऱ्या भाषेतला शेर घालतो आणि त्याची गाठ पुन्हा मूळ ओळीशी मारतो. याला गिरह म्हणतात. गिरह म्हणजे गाठच. हिंदवीतून एकदम फारसीत गेलेले गाणे नवख्याला तुटल्यासारखे वाटते. आम्ही मूळ ओळ पांढऱ्या अक्षरांत आणि गिरह पिवळ्या अक्षरांत दिली, एवढ्यानेच प्रेक्षकाला गाठ कुठे बसते ते कळू लागले. अर्थाचे निवेदन गाण्यावर चढवले नाही. अमीर खुसरो (१२५३–१३२५) हे निजामुद्दीनांचे मुरीद, म्हणून काही रचनांतली नवरी हा मुरीद आहे आणि प्रियकर हा पीर, एवढे गाण्याआधी दोन वाक्यांत सांगितले. हे न सांगितल्यास सिनेमातली प्रेमाची कव्वाली पाहून वाढलेला प्रेक्षक तेच येथे पाहतो.

आता नोटांविषयी. श्रोता उठतो आणि दहाची किंवा शंभराची नोट कव्वालापुढे ठेवतो. नवख्या प्रेक्षकाला ही दौलतजादा वाटते आणि पुष्कळ चित्रपटकार ती लाजेने कापतात. हा नजराणा आहे. उरुसाच्या रीतसर मैफिलीत तर नोट थेट गायकाला देत नाहीत. श्रोता ती अदबीने मैफिलीच्या प्रमुखाला किंवा एखाद्या बुजुर्गाला देतो आणि तिथून ती कव्वालाकडे येते. म्हणजे मान आधी पीराच्या गादीला आणि मजुरी मग गाणाऱ्याला. जुमेरातीला ही साखळी आखूड होते, परंतु नोट तीच. नंतर तिचे टोळीत हिस्से पडतात. मला हा प्रवास दाखवणे अगत्याचे वाटते, कारण कव्वालीकडे केवळ आध्यात्मिक धुके म्हणून पाहणाऱ्याला येथे राबणारा माणूस दिसतो. गादीवरची घराणी स्वतःला अश्रफ मानतात. वंशपरंपरेने गाणाऱ्यांना उत्तर हिंदुस्थानात मिरासी म्हणून हिणवले गेले आहे. समतेचे गाणे गाणारा स्वतः कुठे बसतो, हा प्रश्न चोखोबाच्या पायरीपासून आपल्याला परिचित आहे.

म्हणूनच परवानगी एका माणसाकडून मिळत नाही. दर्ग्याच्या सेवेकऱ्यांनी होकार दिला म्हणजे कव्वालांनी दिला असे होत नाही, आणि कव्वालांनी दिला म्हणजे अंगणात बसलेल्या बाईने दिला असेही नाही. निजामुद्दीनांच्या दर्ग्यात स्त्रियांना मजारीच्या आतल्या दालनात प्रवेश नाही. त्या जाळीपाशी, अंगणात बसतात. (२०१८ साली हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात नेण्यात आला.) जाळीला धागा बांधून रडणाऱ्या बाईवर दुरून भिंग लावणे सोपे असते, कारण तिला ते कळत नाही. आम्ही तसली चित्रे वगळली. परंतु प्रवेशबंदी मात्र निवेदनात स्पष्ट सांगितली. आदर राखायचा म्हणून ती झाकणे मला मान्य नाही.

कव्वालांशी बोलणी गाण्याआधी करावीत. कुठे दाखवणार, पैसे मिळाले तर त्यांचा वाटा किती, नावे कशी लिहायची हे ठरवावे, आणि त्यांची बिदागी नजराण्यापासून वेगळी द्यावी. नावे ‘दर्ग्यातील कव्वाल’ अशी एका ओळीत गुंडाळू नयेत. ढोलकवाला आणि मागे टाळी देणारा पोरगाही नावाने यावा. इशाची अजान झाली की गाणे थांबते, मग ओळ कितीही रंगात असो. त्या क्षणी कॅमेराही बंद करावा. कव्वाल पेटीवरच्या नोटा गोळा करून सरळ करू लागतात, आणि हिशेबाचे बोलणे तेव्हाच होते.